‘अडचण’ नेमकी कुठली? तिसरी-चौथीच्या वर्गात गोष्टीचा नकाशा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी शाळेत मी तिसरी-चौथीला एकत्र शिकवते. पहिल्या वर्षी गोष्टीचे भाग मांडून दाखवायला फळ्यावर चार चौकटी आखल्या आणि त्यांवर पुस्तकी शब्द लिहिले: पात्र, स्थळ-काळ, समस्या, निराकरण. ‘पात्र’च्या चौकटीत एका मुलीनं कळशी काढली. तिच्या शेजारच्या मुलानं दोन काठ आणि मधून वाहणारं पाणी काढलं. त्याच्या गावाला लागूनच मलप्रभा वाहते, आणि पावसाळ्यात नदीचं पात्र किती फुगलं याची बोलणी घरात रोज चालतात. दोन्ही मुलांनी शब्दाचा त्यांना ठाऊक असलेला अर्थ काढला होता. चूक माझी होती.

तेव्हापासून माझ्या वर्गात हे शब्द नाहीत. चौकटींची नावं आता अशी आहेत: कोण, कुठं-कधी, अडचण, काय केलं, सुटका. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक जागा आहे, ‘काय हवं होतं?’ स्टोरी मॅप म्हणून जे नमुने मिळतात त्यांतल्या बऱ्याच नमुन्यांत ही मधली जागा नसते. माझ्या अनुभवात मुलं अडचणीची चौकट चुकतात ती याच जागेअभावी, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याबद्दल आहे.

हवं काय ते कळल्याशिवाय अडचण कळत नाही

गोष्टीला ठरावीक हाडं असतात आणि ती ओळखीची झाली की गोष्ट लक्षात राहते, हा विचार 1970च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी मांडला. 1987 साली लोर्ना आयडॉल यांनी तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर गोष्टीचा नकाशा वापरून पाहिला. त्यांचा क्रम साधा होता: आधी शिक्षकानं करून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून करायचं, शेवटी ज्यानं त्यानं एकट्यानं. मीही याच क्रमानं जाते. फक्त सुरुवात ‘कोण’ आणि ‘काय हवं होतं’ यांपासून करते, अडचणीपासून नाही.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट घ्या. अडचण काय, असं विचारलं की जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, ‘कावळ्याला तहान लागली.’ उत्तर बरोबर वाटतं, पण तहान ही कावळ्याची गरज आहे. त्याला पाणी हवं आहे. समोर भरलेला माठ असता तर तहान असूनही गोष्ट झालीच नसती. अडचण ही की पाणी माठाच्या तळाला आहे आणि चोच तिथवर पोचत नाही. हवं असलेली गोष्ट आणि तिच्या आड आलेली गोष्ट या दोन वेगळ्या आहेत. हे एकदा मुलांच्या ध्यानात आलं की पुढच्या चौकटी आपोआप रांगेत येतात. म्हणून मुलांना मी एक वाक्य पाठ करून घेते: ‘अमक्याला अमुक हवं होतं, पण… म्हणून… मग…’. ‘पण’च्या पुढं अडचण येते, ‘म्हणून’च्या पुढं त्यानं काय केलं ते, आणि ‘मग’च्या पुढं सुटका.

कागदाची घडी

छापील तक्ते मी वापरत नाही. झेरॉक्सचा खर्च आहेच, पण तयार रकाना दिसला की मुलं तो भरून टाकायच्या घाईला लागतात. स्वतः घडी घातलेल्या कागदावर ती जरा थांबतात.

एक ए-फोर कागद घ्या. पाठकोरा असला तरी चालेल. तो मधोमध दुमडा, मग पुन्हा मधोमध दुसऱ्या बाजूनं दुमडा. आता कागदाचा एक कोपरा असा असेल की जिथं सगळ्या घड्या येऊन मिळतात. तो उघडणारा कोपरा नव्हे, बंद कोपरा. मुलांना मी सांगते, ‘जिथं कागद फुटत नाही तो कोपरा धरा.’ त्या कोपऱ्याच्या टोकापासून दोन्ही कडांवर पाच-पाच सेंटिमीटर मोजून त्याचा त्रिकोण दुमडा, नखानं घडी पक्की करा आणि कागद पूर्ण उघडा. मध्यभागी शंकरपाळीसारखा चौकोन उमटतो आणि भोवती चार जागा तयार होतात.

मधल्या शंकरपाळीत ‘कोण’ आणि ‘काय हवं होतं’. वर डावीकडं ‘कुठं-कधी’, वर उजवीकडं ‘अडचण’, खाली डावीकडं ‘काय केलं’, खाली उजवीकडं ‘सुटका’. अडचणीच्या बरोबर खाली सुटका येते. ही जागा मी मुद्दाम ठरवली आहे, कारण पुढं तपासताना बोट सरळ वरून खाली न्यायचं असतं.

चुकीचा कोपरा दुमडला तर शंकरपाळीऐवजी कागदाच्या कडेला किंवा चार टोकांना त्रिकोण येतात. पहिल्या दिवशी पाच-सहा मुलांचं असं होतंच. त्यांना नवा कागद न देता त्याच कागदाची मागची बाजू द्या.

पहिला दिवस: लिहायचं काहीच नाही

पहिल्या तासाला कागद बाहेर काढू नका. वर्गाच्या किंवा व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं हाच आकार मोठा काढा, एकेका जागेत तीन मुलं उभी राहतील एवढा. मग मुलांना आधीपासून येत असलेली गोष्ट सांगा. कावळ्याची चालते. नवी गोष्ट आणि नवा नकाशा एकाच दिवशी दिला तर मुलांचं अर्धं लक्ष गोष्टीत अडकतं.

गोष्ट सांगून झाली की मी स्वतः शंकरपाळीत उभी राहते आणि मोठ्यानं विचार करते. ‘मी कावळा. मला काय हवंय? पाणी.’ मग अडचणीच्या जागेत जाते. ‘तहान लागली असं म्हणू का? नको, ते तर मी मघाशीच सांगितलं. मला आडवं काय आलं? पाणी खाली गेलंय, चोच पोचत नाही.’ चुकलेला विचारही असा मोठ्यानं बोलून सोडून द्यायचा, म्हणजे तो का सोडला ते मुलांना ऐकू येतं. नंतर एकेक मूल बोलत बोलत पाचही जागांतून चालत जातं. ज्याला अजून नीट लिहिता येत नाही ते मूलही इथं पूर्ण गोष्ट सांगतं, आणि कुणाला गोष्ट कळली आहे ते मला त्याच दिवशी दिसतं.

‘कुठं-कधी’च्या जागेत मुलं काहीही सांगून मोकळी होतात. ‘शेतात.’ ‘एकदा.’ इथं मी जागा बदलून पाहायला लावते. हाच कावळा जुलै महिन्यात कणकुंबीला नेऊन सोडला तर? मलप्रभेचा उगम तिथलाच. त्या दिवसांत तिथला पाऊस कसा असतो ते आमच्या मुलांना सांगावं लागत नाही. एक मुलगा लगेच म्हणाला, ‘पागोळ्याखाली चोच धरली की झालं.’ म्हणजे गोष्ट संपली. म्हणून या गोष्टीत ‘कडक उन्हाळा’ लिहायलाच हवं. कावळा बसला ते झाड आंब्याचं की फणसाचं यानं मात्र काही बिघडत नाही. जागा किंवा वेळ बदलल्यावर अडचण नाहीशी होत असेल तर ती नकाशात लिहायची, नाहीतर सोडून द्यायची.

दुसरा आणि तिसरा दिवस: मंजूची गोष्ट

आता नवी गोष्ट. ही मी वर्गासाठी रचली, आणि तिच्यात दोन फसव्या जागा मुद्दाम ठेवल्या आहेत. कुणाला वापरायची असेल तर खुशाल वापरा.

*भाताची रोपं लावायचे दिवस होते. मंजूची आजी ओढ्यापलीकडच्या शेतात रोप लावायला गेली होती. मंजू तिच्यासाठी भाकरी घेऊन निघाली. वाटेत एक कुत्रं जोरात भुंकत अंगावर आलं. मंजू घाबरून उभी राहिली, तसं ते निघून गेलं. ती ओढ्यापाशी आली तर साकव पाण्याखाली गेला होता. मंजूनं आजीला हाका मारल्या, पण पाण्याच्या आवाजात आजीला ऐकू गेलं नाही. गाठोडं पलीकडं फेकावं का? पण ओढा फार रुंद होता. मग तिनं डोक्यावरची लाल खोळ काढली, काठीला बांधली आणि उंच धरून हलवली. पलीकडं गुरं राखणाऱ्या तुकाकाकांना ती दिसली. ते वरच्या अंगाच्या मोठ्या पुलावरून आले आणि भाकरी घेऊन गेले. संध्याकाळी आजी म्हणाली, ‘भाकरी गार झाली होती, पण काय गोड लागली गं!’*

गोष्ट दोनदा मोठ्यानं वाचा. दुसऱ्यांदा वाचताना ‘पण’ आला की मुलांनी टाळी वाजवायची. मग पुस्तक किंवा कागद पालथा घाला. हे महत्त्वाचं आहे, कारण मजकूर समोर असला की मुलं त्यातली वाक्यं उचलून चौकटीत उतरवतात आणि नकाशा भरलेला दिसतो, पण डोक्यात काही उतरलेलं नसतं. तिसरीला एका चौकटीत पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त लिहू देत नाही. चित्र काढलं तरी चालतं.

मधली शंकरपाळी सगळ्यांनी मिळून भरायची: ‘मंजू. आजीला भाकरी पोचवायची.’ यानंतर अडचण. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त हात एकच उत्तर घेऊन वर आले: कुत्रं. एक मुलगी तर हट्टालाच पेटली. ‘कुत्रं अंगावर येऊलालतं की, बाई!’ तिचं म्हणणं समजण्यासारखं होतं. कुत्रं भीतीदायक आहे, आणि या मुलांच्या शाळेच्या वाटेवर खरीखुरी कुत्री आहेत. जे सगळ्यात जास्त भिववतं तीच अडचण, असं मुलांना वाटतं.

इथं ‘चूक’ म्हणू नका. दोन प्रश्न विचारा.

पहिला: ही गोष्ट काढून टाकली तर काय उरतं? मी कुत्र्याचं वाक्य वगळून गोष्ट पुन्हा वाचली. गोष्ट जशीच्या तशी राहिली. मग साकव वगळला, म्हणजे साकव कोरडा आहे असं धरून वाचलं. मंजू ओढा ओलांडून गेली, भाकरी दिली, संपलं. वर्गात एकदम शांतता झाली आणि मग त्याच मुलीनं सांगितलं, ‘मग साकव.’

दुसरा प्रश्न बोटानं विचारायचा. अडचणीच्या चौकटीवर बोट ठेवा, ते सरळ खाली सुटकेवर आणा आणि दोन्ही एकापाठोपाठ वाचा. ‘कुत्रं अंगावर आलं, तुकाकाकांनी भाकरी नेली.’ हे जुळत नाही. ‘साकव पाण्याखाली गेला, तुकाकाकांनी पुलावरून भाकरी नेली.’ हे जुळतं. नकाशा तपासायला मला बहुतेक वेळा एवढंच लागतं. चाळीस नकाशे घरी नेऊन तपासायची गरज उरत नाही. तासाला फिरता फिरता प्रत्येकाची ही एक उभी रेघ वाचायची.

दुसरी फसवी जागा सुटकेची. बरीच मुलं तिथं ‘भाकरी गोड लागली’ असं लिहितात, कारण ते शेवटचं वाक्य आहे. पण तोवर अडचण सुटून गेलेली असते. आजीचं बोलणं हा गोष्टीचा शेवट आहे, सुटका त्याच्या आधी झाली. मुलांना मी असं विचारते: ‘मंजूची काळजी कुठल्या वाक्याला मिटली?’ काकांनी भाकरी घेतली तिथं, असं ती बरोबर दाखवतात. आजीचं वाक्य त्यांना इतकं आवडतं की ते टाकवत नाही. त्यांनी ते सुटकेच्या चौकटीखाली, कागदाच्या काठावर लिहावं.

‘काय केलं’च्या चौकटीत मुलं फक्त खोळ हलवल्याचं लिहितात. हाका मारल्या ते वाया गेलं, म्हणून ते त्यांना लिहिण्याजोगं वाटत नाही. चौथीच्या मुलांना मी फसलेला प्रयत्नही लिहायला सांगते आणि त्यापुढं छोटी फुली मारायला लावते. फसलेला प्रयत्न राहिला की पुन्हा गोष्ट सांगताना मंजू ओढ्यापाशी आली आणि लगेच खोळ हलवली असं होतं, आणि खोळ का हलवावी लागली ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

नकाशावरून गोष्ट सांगणं

नकाशा भरला म्हणजे काम झालं असं धरू नका. चौथ्या दिवशी मुलं जोडीनं बसतात. एकाच्या हातात नकाशा, पुस्तक बंद. तो दुसऱ्याला गोष्ट सांगतो. जमल्यास ऐकणारा त्या दिवशी गैरहजर असलेला किंवा खालच्या इयत्तेतला निवडा, म्हणजे त्याला गोष्ट खरोखर माहीत नसते आणि तो मध्येच ‘का?’ असं विचारतो. जिथं ‘का’ येतो त्या चौकटीत काहीतरी राहून गेलेलं असतं. सांगणाऱ्यानं लगेच पेन्सिलीनं ते भरायचं.

त्यानंतर पूर्ण गोष्ट एका वाक्यात: ‘मंजूला आजीला भाकरी पोचवायची होती, पण साकव पाण्याखाली गेला होता, म्हणून तिनं खोळ हलवून काकांना बोलावलं, मग काकांनी भाकरी पोचवली.’ तिसरीतल्या मुलाला हे वाक्य तोंडी जमलं की पुढची गोष्ट तो एकटा करू शकतो. जमलं नाही तर त्याच्याबरोबर आणखी एक सोपी गोष्ट फरशीवरच्या नकाशात करा. लगेच कोरा कागद हातात देऊ नका.

भाषेबद्दल एक सांगते. नकाशात आणि तोंडी सांगताना मुलं घरच्या बोलीत बोलतात, बोलू द्या. ‘येऊलालतं’ला त्या वेळी ‘येत होतं’ करायला लावलं की मूल गोष्ट सोडून शब्द सांभाळत बसतं. प्रमाण भाषा आपण शेवटच्या लेखी परिच्छेदात आणू शकतो, तेव्हा गोष्ट पक्की झालेली असते.

तोच कागद कन्नडच्या तासाला

आमच्याकडं मुलं मराठीबरोबर कन्नडही शिकतात, आणि कन्नड गोष्टीत ती शब्दांशी झगडत असताना गोष्टीचा धागा हातून सुटतो. हीच घडी तिथं उपयोगी पडते. चौकटींना कन्नड नावं द्यायची: यारु म्हणजे कोण, एनु बेकागित्तु म्हणजे काय हवं होतं, एल्ली आणि यावाग म्हणजे कुठं आणि कधी. जोडणारे शब्दही तसेच: ‘पण’साठी आदरे, ‘म्हणून’साठी आद्दरिंद, शेवटी काय झालं यासाठी कोनेगे. आकार तोच, क्रम तोच, त्यामुळे मुलाला फक्त भाषा नवी असते.

इथं दोन शब्दांपासून सावध राहावं लागतं. कन्नडमध्ये ‘कष्ट’ हा शब्द अडचण, त्रास या अर्थानं सहज वापरतात, आणि मराठी घरातलं मूल ‘कष्ट’ म्हटल्यावर राबणं समजतं. त्या चौकटीत मग ‘आजी चिखलात रोप लावते’ असं येतं. ‘परिहार’ हा सुटकेसाठीचा कन्नड शब्द मराठी मुलाला अनोळखी असतो, तो एकदा सांगून पुरतो. कष्टाचा घोळ मात्र पुन्हा पुन्हा निस्तरावा लागतो. कन्नड शिकवणाऱ्या बाईंशी किंवा गुरुजींशी आधी बोलून चौकटींची नावं एक ठेवा.

कुठं वापरू नये

पहिली-दुसरीला पाच जागा जड होतात. तिथं कोण, अडचण, सुटका एवढंच, तेही चित्रांत. ज्याला अजून अक्षरं जोडून वाचता येत नाहीत त्याला नकाशामुळे वाचता येणार नाही. त्याला गोष्ट ऐकवा आणि नकाशा काढू द्या, वाचनाचा सराव वेगळा घ्या.

पुस्तकातला प्रत्येक धडा या कागदावर बसत नाही. कविता, एखाद्या नदीची किंवा पिकाची माहिती, थोर व्यक्तीचं चरित्र यांत ओढूनताणून ‘अडचण’ शोधायला लावली की मुलं खोट्या अडचणी रचतात. मलप्रभेच्या माहितीपर धड्याला ‘मलप्रभेला समुद्राला भेटायचं होतं’ असं एका मुलानं लिहिलं होतं. वाक्य गोड होतं, पण मलप्रभा समुद्राला जातच नाही, ती कृष्णेला मिळते. अशा धड्यांना उगम, वाट, संगम अशी सरळ रेघ जास्त शोभते. आणि गोष्टींनाही दर वेळी नकाशा नको. मी पंधरवड्यातून एकदा घेते. त्याहून जास्त झालं की मुलं गोष्ट ऐकतानाच चौकटी भरायला लागतात आणि हसायच्या जागी हसत नाहीत.

उलट्या बाजूनं

सातव्या-आठव्या गोष्टीनंतर कोरी घडी द्या आणि मुलांना आधी नकाशा भरून मग स्वतःची गोष्ट लिहू द्या. सुरुवात शंकरपाळीतून. गेल्या वर्षी एका मुलानं मध्ये लिहिलं, ‘राजू. पतंग हवा.’ अडचण: ‘पैसे नाहीत.’ आणि सुटका: ‘बाबांनी आणून दिला.’ त्याला मी उभी रेघ वाचायला लावली. जुळत होती, तरी तोच म्हणाला, ‘बाई, यात राजूनं काय केलंच नाही.’ खाली डावीकडची चौकट कोरी होती. त्यानं थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग तिथं लिहिलं: ‘जुना पेपर, खराट्याच्या काड्या, भाताची खळ.’ त्याच्यापुढं एक फुली मारली आणि लिहिलं, ‘फाटला.’ त्याखाली दुसरी ओळ: ‘दोन पेपर चिकटवले.’ मग खोडरबरानं सुटकेच्या चौकटीतले बाबा पुसले.